लोहचुंबक चिकटलं नाही, पुढे काय?

माझ्या धाकट्या जावेने गेल्या दिवाळीच्या आधी एक पाच लिटरचं पातेलं आणलं. आणताना तिने पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक नेलं होतं, कारण तसं करायचं असतं हे आता घरोघरी माहीत झालेलं आहे. दुकानदाराला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याने गल्ल्याच्या खणातून स्वतःचं मोठं चुंबक काढलं, पातेल्याच्या पोटावरून फिरवलं आणि म्हणाला, ‘बघा वहिनी, कुठे चिकटतंय? तीनशेचार आहे, डोळे मिटून घ्या.’ तिने डोळे मिटून घेतलं. तीन महिन्यांत पातेल्याच्या आतल्या बाजूला, साधारण आमटी जिथवर येते त्या रेघेवर, तपकिरी ठिपके दिसायला लागले. घासले की जायचे आणि आठवड्याने त्याच जागी परत यायचे.

मी पंचवीस वर्षं एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत धातूंचं पृथक्करण करण्यात घालवली आहेत, त्यामुळे असलं भांडं घरात आलं की ते माझ्यासमोर येऊन बसतं. ‘ताई, हे स्टील नकली आहे का?’ हा तिचा प्रश्न. त्याचं सरळ उत्तर असं की नाही, नकली नाही. ते स्टेनलेस स्टीलच आहे. फक्त ज्या नावाने आणि ज्या भावाने विकलं गेलं ते स्टेनलेस स्टील नाही. चुंबकाच्या परीक्षेत हा फरक दिसत नाही. का दिसत नाही हे कळलं की स्टीलच्या प्रतींचा बराचसा गुंता सुटतो.

साध्या लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की त्याचा स्वभाव बदलतो. पृष्ठभागावरचं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन एक पापुद्रा तयार करतं. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा. पण तो घट्ट बसतो, पाणी आत शिरू देत नाही आणि ओरखडा पडला तर हवेत आपोआप पुन्हा धरतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं असं पोलाद ओतलं आणि त्यातून पुढे न गंजणाऱ्या सुऱ्या आल्या. तेव्हा स्टेनलेस म्हणजे मुळात क्रोमियम. निकेलचं नाव आपण फार ऐकतो, पण गंजाशी मुख्य लढाई क्रोमियमचा पापुद्रा लढतो.

मग निकेल कशाला? नुसत्या क्रोमियमचं पोलाद प्रेसवर फार खोल ओढता येत नाही. ताट, झाकण, पसरट परात जमते. पण कळशी, उभा डबा, खोल पातेलं करायला गेलं तर पत्रा फाटतो. निकेल घातलं की पोलादाच्या आतली अणूंची मांडणीच बदलते. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. ही मांडणी लवचीक असते, खोल ओढलेली सोसते, सांधताना त्रास देत नाही, आम्लालाही अधिक टिकते. आणि तिचा एक जोडगुण असा की तिला चुंबक धरत नाही. १९२४ च्या सुमारास शेफिल्डलाच अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हे प्रमाण रुळलं. भांड्याच्या बुडावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच, आणि बाजारात ज्याला ३०४ म्हणतात तेही हेच. काही भांड्यांवर १८/१० असतं, त्याने स्वयंपाकघरात फार फरक पडत नाही. १८/० असेल तर त्यात निकेल जवळजवळ नाही. ती ४३० क्रमांकाची प्रत, आणि तिला चुंबक खाडकन धरतं.

इथपर्यंत चुंबकाची परीक्षा बरोबर वाटते. धरलं तर निकेल नाही, न धरलं तर निकेल आहे. आपल्या आयांच्या काळात ती बऱ्यापैकी चालूनही गेली असेल. तामिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यात १९८१ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ‘सेलमचं स्टील’ हा घराघरांतला शब्दच झाला. कल्हईच्या पितळेला रजा देऊन लोक स्टील घेत होते, आणि चांगलं स्टील म्हणजे न चिकटणारं स्टील एवढा हिशोब पुरत होता.

हिशोब बिघडला तो निकेलच्या भावामुळे. निकेल महाग, आणि भारताला ते जवळजवळ सगळं बाहेरून आणावं लागतं. त्याचा भाव सरळही चालत नाही. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तो काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि बाजाराला त्या दिवशीचे सौदेच रद्द करावे लागले. तो अपवाद सोडून देऊ. टनाला सोळा हजार डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये असा साधा भाव धरला तरी निकेलचा किलो १,३६० रुपयांना पडतो. एक किलो वजनाच्या ३०४ च्या पातेल्यात ८० ग्रॅम निकेल, म्हणजे सुमारे १०९ रुपये फक्त निकेलचे. तेच पातेलं एक टक्का निकेलच्या पोलादाचं केलं तर निकेलला लागतात १४ रुपये. एका पातेल्यामागे ९५ रुपयांचा फरक, तोही पत्रा होण्याच्या आधी. भाइंदरसारख्या ठिकाणी, जिथे भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, तिथे रोज टनांनी पत्रा दाबला जातो. हा फरक तिथे कोण सोडेल?

एक टक्का निकेलमध्ये ती लवचीक मांडणी टिकते कशी, ही खरी कारागिरी. निकेलचं काम मँगनीज आणि नायट्रोजन काही अंशी करू शकतात. ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियाच्या युद्धाच्या काळात निकेलची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत २०१ आणि २०२ या प्रती पुढे आल्या. २०२ मध्ये निकेल चार ते सहा टक्के आणि मँगनीज साडेसात ते दहा टक्के असतं, क्रोमियम मात्र सतरा-अठराच्या घरात राहतं. ही बरी प्रत आहे. भारतात त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. निकेल एक टक्क्याच्या आसपास, मँगनीज नऊ-दहा टक्के, प्रेसवर कडक होऊ नये म्हणून दीड-दोन टक्के तांबं. बाजारात हिला ‘जे-फोर’ म्हणतात. लग्नाच्या आहेरात, संक्रांतीच्या वाणात, जुन्या साड्यांवर बोहारणीने टिकवलेल्या टोपात आज घरात येणारं स्टील बहुधा हेच असतं.

इथे एक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही, आणि बहुतेक दुकानदारांना ती माहीतही नसते. क्रोमियम आणि निकेल पोलादाला दोन विरुद्ध दिशांना ओढतात. निकेल त्या लवचीक मांडणीकडे ओढतं, तर क्रोमियम जुन्या, चुंबक धरणाऱ्या मांडणीकडे. निकेल काढून घेतलं आणि त्याची जागा मँगनीज-नायट्रोजनने पूर्ण भरून निघाली नाही, तर तोल सांभाळायला क्रोमियमही कमी करावं लागतं. म्हणून जे-फोरमध्ये क्रोमियम अठरावरून पंधरा-सोळापर्यंत, कधी त्याहूनही खाली येतं. जावेच्या पातेल्यावरचे ठिपके निकेलच्या अभावाने आलेच असं नाही. निकेल गेल्यामुळे क्रोमियमला जागा उरली नाही, आणि क्रोमियम कमी म्हणून पापुद्रा कमकुवत, असा तो प्रवास आहे. चुंबकाला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त मांडणी कळते आणि मांडणी तर कारागिरांनी शाबूत ठेवलेली असते.

मी जावेला घेऊन बसले आणि घरातली तीन भांडी ओट्यावर मांडली. एक तिचं नवं पातेलं. दुसरा माझ्या सासूबाईंचा पोह्यांचा उंच डबा. त्यावर सासऱ्यांचं नाव आणि १९८४ हे साल कोरलेलं आहे. तिसरं, वास्तुशांतीला कुणीतरी दिलेलं जाड ताट. चुंबक तिच्या हातात दिलं. पातेल्याला ते कुठेच लागलं नाही, ना पोटाला, ना काठाला. ताटाला लागलं ते सोडवायला नख घालावं लागलं. आणि डबा? पोटावर काही नाही, पण तळाजवळच्या वळणावर आणि झाकणाच्या दुमडलेल्या काठावर चुंबक हलकंसं ओढलं गेलं. तिने ताबडतोब निकाल दिला: पातेलं उत्तम, डबा मध्यम, ताट टाकाऊ.

दुसऱ्या दिवशी तिन्ही भांडी पिशवीत घालून ओळखीच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे क्ष-किरणांचं पिस्तूल आहे, स्टीलचं भंगार प्रतीप्रमाणे वेगळं करायला लागतं ते. भांड्याच्या स्वच्छ जागेवर तोंड टेकवून घोडा दाबला की दहा-बारा सेकंदांत पडद्यावर धातूंचे टक्के येतात. डब्याचं क्रोमियम निघालं अठराच्या किंचित वर, निकेल आठ, मँगनीज दीडच्या आत, स्वच्छ ३०४. ताटात क्रोमियम साडेसोळाच्या जवळ, निकेल नावालाच, म्हणजे ४३०. आणि पातेल्यात क्रोमियम पंधरा, निकेल एक, मँगनीज साडेनऊ, तांबं दीडच्या वर. तिने लावलेला क्रम गंजाच्या दृष्टीने चुकीचा निघाला: डबा पहिला, ताट दुसरं आणि पातेलं शेवटचं. जिथे चुंबकाने जोर दाखवला त्या ताटाचं क्रोमियम तिच्या लाडक्या पातेल्यापेक्षा दीड टक्का जास्त होतं.

डब्याच्या काठाला चुंबक का लागलं, हे तिला पटेना. ३०४ ची मांडणी ठोकून, दाबून, खोल ओढून ताणली की ती काही ठिकाणी मोडते आणि त्या ताणलेल्या जागी थोडी चुंबक धरणारी मांडणी तयार होते. म्हणून खोल डब्याच्या तळाचं वळण, दुमडलेला काठ, ठोकलेलं नाव, या जागी खऱ्या ३०४ ला चुंबक जरासं ओढलं जाणं ही खोट नव्हे. जे-फोरमधलं तांबं आणि मँगनीज मात्र ही मोड बरीचशी रोखतात. म्हणजे ‘कुठेच म्हणजे कुठेच चिकटत नाही’ ही दुकानदाराची बढाई मनातून थोडी खटकायलाच हवी. पुरावा म्हणून मात्र हेही अपुरं आहे, कारण उथळ भांड्याला ताण कमी पडतो आणि काही कारखाने भांडं ओढल्यावर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. मग तिथेही चुंबक गप्प बसतं.

तेव्हा चुंबकाकडून एवढंच घ्यावं: सगळीकडे सारख्या जोराने चिकटलं तर ते निकेलचं पोलाद नाही. ते ४३० असू शकतं, जे ताटं, चमचे, झाकणं यांना चांगलं चालतं. आणि इंडक्शन शेगडीच्या भांड्याच्या बुडाला तर ते मुद्दाम लावलेलं असतं, नाहीतर शेगडी पेटणारच नाही. तीन थरांच्या महागड्या कढईतही आत ३०४, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेर ४३० असतं. त्या कढईला बाहेरून चुंबक चिकटलं म्हणून दुकानात भांडणारे लोक मी पाहिले आहेत. आणि चिकटलं नाही, तर ३०४, २०२, जे-फोर यांतलं काहीही असू शकतं. परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

पुढची पायरी वजनाची, असं लोक धरतात. ‘जड आहे म्हणजे चांगलं स्टील.’ हाही अर्धवट हिशोब. ३०४ आणि जे-फोर यांच्या घनतेत शेकडा एक-दोनचाच फरक आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वाकड्यातिकड्या भांड्यावरून तो ओळखणं अशक्य. वजन प्रत सांगत नाही, जाडी सांगतं. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर, २२ गेज सुमारे ०.७१. तीस सेंटिमीटरचं, उभ्या काठाचं ताट घ्या. ते करायला साधारण चौतीस सेंटिमीटर व्यासाचं गोल सर्कल कापावं लागतं. २४ गेजमध्ये ते चारशे ग्रॅम भरेल आणि २२ गेजमध्ये पाचशेच्या थोडं वर. ताटामागे शंभर ग्रॅम. किलोवर विकणाऱ्या दुकानात या शंभर ग्रॅमचे पैसे आपणच देतो, त्यामुळे फसवणूक होत नाही. नगावर विकणाऱ्या दुकानात ती होऊ शकते. म्हणून नगावरचं भांडं घेताना काट्यावर टाकून किलोचा भाव स्वतः काढावा. तो भाव शेजारच्या जे-फोरच्या किलोच्या भावाएवढाच निघाला आणि दुकानदार ३०४ म्हणत असला, तर निकेलचे ते ९५ रुपये त्याने धर्मादाय केले असं मानावं लागेल.

पातेलं जळतं की नाही, तळ फुगतो की नाही, हे जाडीवर ठरतं, प्रतीवर नव्हे. जाड जे-फोरच्या पातेल्यात खीर कमी लागेल आणि पातळ ३०४ मध्ये जास्त. आवाजाचंही तसंच, बोटाने टणकन वाजवून बघणारे असतात, पण नाद येतो तो आकार आणि जाडीचा. आणि आरशासारखी चकाकी ही पॉलिशवाल्याच्या चाकाची करामत. जे-फोरलाही ती तेवढीच येते.

शिक्क्यांबद्दल. बुडावरचा ३०४ हा ठसा भांडं बनवणाराच मारतो, कागदी चिकटपट्टी तर कुणीही लावतो, आणि ‘फूड ग्रेड’ या शब्दांनी प्रत अजिबात कळत नाही. आयएसआयची खूण याहून वजनदार आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, त्याचा पाया IS 14756 हे मानक. खुणेच्या वर हा मानक क्रमांक असतो आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मानक ब्यूरोच्या BIS Care या अॅपमध्ये तो परवाना क्रमांक घातला की परवाना कुणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की संपला, हे दिसतं. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिटाचं काम आहे आणि खोटा शिक्का त्यात पकडला जातो. पण आयएसआय म्हणजे ३०४ असं मात्र समजू नये. कमी निकेलच्या भांड्यांच्या पत्र्यासाठी IS 15997 हे वेगळं मानक आहे. म्हणजे कमी निकेलचं स्टील वापरणं हा गुन्हा नाही. खूण सांगते की भांडं मानकाला उतरलं. कोणत्या प्रतीचं, हे निराळं विचारावं लागतं.

आणि ते विचारायची माझी आवडती जागा म्हणजे बिल. दुकानदाराला एवढंच म्हणावं की बिलावर भांड्याच्या नावापुढे ३०४ लिहा. तोंडी ३०४ म्हणणारे दहा असतात, लिहून देणारे कमी. लिहिलेल्या बिलावर ग्राहक आयोगात दाद मागता येते, चुंबक दाखवून नाही.

दुकानातच खात्री करायची तर एक थेंबाची परीक्षा आहे. भंगाराच्या बाजारात ३०४ तपासायचं म्हणून एक द्रव मिळतो, सोबत छोटी बॅटरी. भांड्याच्या बुडाला बाहेरून एक थेंब टाकायचा, बॅटरीची टोकं काही सेकंद लावायची. मँगनीज भरपूर असेल तर थेंब लालसर होतो. ३०४ मध्येही दोन टक्क्यांपर्यंत मँगनीज चालतं, पण तेवढ्याने रंग फारसा चढत नाही. २०० च्या घरातलं पोलाद यात चांगलं उघडं पडतं. मात्र ही परीक्षा मँगनीज पाहते, क्रोमियम नाही, त्यामुळे लाल झालं ते २०२ की जे-फोर, हे तिला सांगता येत नाही. द्रव आम्लाचा असतो, भांड्याच्या आत तो टाकू नये आणि नंतर बूड साबणाने नीट धुवावं. दुकानदार हे करू देईलच असं नाही, पण द्रवाची बाटली काढल्यावर त्याचा चेहरा पाहावा. तीही एक परीक्षाच.

घरी आणलेल्या भांड्यासाठी मीठ हा सर्वांत प्रामाणिक परीक्षक. क्रोमियमचा पापुद्रा फोडतं ते मिठातलं क्लोराइड. एक चमचा मीठ पाव वाटी पाण्यात विरघळवावं, कागदी रुमाल त्यात भिजवून भांड्याच्या बाहेरच्या अंगाला लावावा, तो वाळू न देता चोवीस तास ठेवावा. शेजारी घरातलं जुनं, खात्रीचं भांडं घेऊन त्यालाही तसंच लावावं, नाहीतर तुलना कशाशी करणार? ३०४ बहुधा जसंच्या तसं राहतं. कमी क्रोमियमच्या पोलादावर पिवळट-तपकिरी डाग किंवा सुईच्या टोकाएवढे ठिपके उठू शकतात. ही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे. पॉलिश चांगलं असेल तर जे-फोरही एक दिवस तग धरतं. तीन-चार वेळा केल्यावर मात्र फरक लपत नाही.

डाग दिसला की लगेच दुकानदाराच्या नावाने बोटं मोडू नयेत. तारेच्या घासणीचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि तेच गंजतात. ओलं भांडं लोखंडी तव्याला टेकून रात्रभर पडलं तरी तसंच होतं. हा पाहुणा गंज ओळखायची रीत सोपी आहे. लिंबाची फोड आणि बारीक राख किंवा भांड्याची पावडर घेऊन मऊ फडक्याने डाग पूर्ण काढायचा, भांडं कोरडं करायचं आणि तारेची घासणी बंद करून महिनाभर वापरायचं. डाग परत आला नाही तर तो घासणीचा होता. त्याच जागी परत आला, आणि नखाला तिथे बारीकसा खड्डा लागला, तर तो भांड्याचा स्वतःचा आहे. जावेच्या पातेल्याला असे खड्डे होते. पांढरे ठिपके आणि तळावरचे निळे-जांभळे पट्टे यांची चिंता करू नये. पहिले जड पाण्यातल्या क्षारांचे, व्हिनेगरने जातात, दुसरे जास्त तापल्याने पापुद्रा जाड झाल्याचे.

जुन्या भांड्यांवर कोरलेलं नाव हीसुद्धा वाचण्यासारखी जागा आहे. नाव घालणाऱ्याच्या यंत्राची सुई पापुद्रा फोडून खोलवर जाते आणि त्या अरुंद चरात मीठ, साबण, ओल साचते. चांगल्या पोलादात तिथे पापुद्रा पुन्हा धरतो. सासूबाईंच्या डब्यावरची अक्षरं चाळीस वर्षांनीही पांढरी स्वच्छ आहेत. अलीकडच्या कुठल्यातरी मुंजीत वाटलेल्या पेल्यावरच्या ‘चि.’मध्ये मात्र गंजाची बारीक रेघ उतरली आहे.

पेल्यांचं आणखी एक दुखणं. कधीकधी मांडणीतला पेला कुणी हात न लावता काठापासून खाली उभा चिरतो. कुणीतरी आपटला असेल, असं म्हणून घरातल्या मुलांवर आळ येतो. खोल ओढलेल्या कमी निकेलच्या भांड्यात प्रेसचा ताण अडकून राहतो, आणि तो तापवून काढला नसेल तर दिवसांनी, महिन्यांनी असा फुटून बाहेर येतो. काठापासून सुरू झालेली, सरळ खाली उतरणारी, आजूबाजूला पोचा नसलेली चीर दिसली की मुलं निर्दोष.

मग जे-फोर घेऊच नये का? माझ्या स्वयंपाकघरात ते आहे. रव्याचा डबा, पोळ्यांचा डबा, पाण्याचा जग, कोरडा खाऊ, रोज धुऊन पुसून ठेवायची ताटं, यांना काही होत नाही. ज्यात मीठ आणि आंबट एकत्र येऊन तासन्‌तास राहतात तिथे ते नको: चिंच-गुळाची आमटी, सोलकढी, टोमॅटोचं सार, ताक. अशा पदार्थांत पोलादातले धातू थोडे उतरतात, ३०४ मधूनही, आणि नव्या भांड्यातून पहिल्या काही वेळा जास्त. म्हणून नवं भांडं आणलं की आधी एक-दोनदा त्यात पाणी आणि व्हिनेगर उकळून टाकून द्यावं. लोणचं तर ३०४ मध्येही ठेवू नये. मिठाच्या खारात ते महिनोन्‌महिने मुरतं, आणि तिथे टिकायला मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ लागतं, जे सहसा दुकानात नसतं आणि असलं तरी चिनीमातीची बरणी त्याहून स्वस्त पडते. अजून एक सवय: मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावं. गार पाण्यात टाकलेले खडे तळाला बसतात आणि विरघळेपर्यंत त्या जागी पापुद्रा कुरतडतात. तळाशी गोल पांढुरके खड्डे पडलेली चांगली भांडी मी पाहिली आहेत, ती अशाने.

जावेचं पातेलं आता साबुदाण्याच्या पापड्यांसाठी आहे, झाकण लावून वरच्या फळीवर. नवं घ्यायला आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने पुन्हा चुंबक काढलं. ती म्हणाली, ‘ते राहू द्या भाऊ, बिलावर तीनशेचार लिहा फक्त.’ त्याने पेन उचललं, पातेल्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि आतल्या पोऱ्याला हाक मारली, ‘अरे, माळ्यावरचं काढ ते दुसरं.’